बोरचं लाल पाणी: दोनशे लिटरचा ड्रम नको, दहा इंची नळी घ्या

झाडीपट्टीत बोरचं पाणी उपसताना काचेसारखं स्वच्छ दिसतं आणि तासाभरानं बकेटीत पिवळं पडतं. दुसऱ्या दिवशी तळाशी विटकरी गाळ बसलेला असतो. त्या पाण्यात भात पिवळसर शिजतो, चहा काळा पडतो, पांढरी धोतरं तांबूस होतात. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या पट्ट्यात फिटिंगची कामं करताना ही तक्रार मी सर्वात जास्त ऐकतो. त्यावर बहुतेक घरी एकच उपाय केलेला दिसतो. निळा २०० लिटरचा ड्रम आणायचा, खाली गिट्टी, वर रेती भरायची, वरून पाणी सोडायचं. पहिला महिना पाणी सुंदर येतं. मग धार बारीक होते आणि तिसऱ्या महिन्यात ड्रम गोठ्यामागे जाऊन पडतो.

ड्रम का फसतो आणि त्याऐवजी नळ्यांची कशी मांडणी केली तर फिल्टर वर्षानुवर्षं चालतो, ते मी इथे सांगतो. त्यासाठी सिंदेवाही तालुक्यातल्या एका घराचं काम मापांसकट देतो.

आधी लालपणा कुठून येतो ते ओळखा

फिल्टरला हात लावण्याआधी एक सकाळ तपासणीला द्या. मोटर रात्रभर बंद असू द्या. सकाळी सुरू करून पहिल्याच मिनिटाला एक पारदर्शक बाटली भरा, वीस मिनिटांनी दुसरी भरा. दोन्ही बाटल्या झाकण न लावता संध्याकाळपर्यंत ठेवा.

पहिली बाटली भरतानाच लाल असेल आणि दुसरी संध्याकाळीही स्वच्छ राहिली, तर दोष पाण्यात नाही, तुमच्या लोखंडी नळ्यांत आहे. जुने जीआय कॉलम पाईप आतून गंजलेले असतात. तिथे फिल्टर बांधू नका, पाईप बदला. दुसरी बाटली भरताना स्वच्छ होती आणि नंतर लाल झाली, तर लोह पाण्यातच विरघळलेलं आहे. खोल खडकातल्या पाण्याला हवा मिळत नाही, म्हणून लोह त्यात विरघळून राहतं. वर येऊन हवा लागली की त्याचा गंज होतो आणि गंज विरघळत नाही, म्हणून तो गाळ होऊन खाली बसतो. हा लेख याच पाण्यासाठी आहे.

तिसरा प्रकार रेतीचा. बाटलीच्या तळाशी मिनिटाभरात करकरीत कण बसले, तर बोरमधून रेती येते आहे. केसिंग पक्क्या खडकापर्यंत पोचलेलं नसतं, किंवा मोटर तळाच्या फार जवळ टांगलेली असते, किंवा बोरच्या ताकदीपेक्षा मोटर मोठी असते. मोटर एक-दोन पाईप वर घेतली आणि वरचा कॉक थोडा दाबून ठेवला, तर पुष्कळदा रेती निम्म्याहून कमी होते. हे काम आधी करून घ्या. बोर रेती ओकत असेल तर मोटरचे पंखे झिजतात आणि वरचा कोणताही फिल्टर मोटरला वाचवू शकत नाही.

पाण्यावर तेलासारखा रंगीत तवंग दिसत असेल तर त्यात काडी घाला. तवंगाचे काचेसारखे तुकडे पडले आणि ते परत जुळले नाहीत, तर ते तेल नाही, लोहजंतूंची साय आहे. नळीत तांबडा बुळबुळीत लेप सापडला तरी तेच समजा. असा बोर टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडरीच्या पाण्यानं धुऊन घ्यावा लागतो, नाहीतर तो लेप फिल्टरमधली रेती गोळ्यागोळ्यांनी चिकटवतो.

आता मोजमाप. गावात जलसुरक्षकाकडे तपासणी संच असेल तर लोह आणि पाण्याचा आंबटपणा सांगणारा पीएच त्यावर बघून घ्या, पण एकदा तरी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेत नमुना द्या आणि फ्लोराईड, नायट्रेट, मँगनीजही मागा. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात लोहाची मर्यादा लिटरला १ मिलिग्रॅम आहे. कपड्यांवर डाग मात्र ०.३ च्या पुढेच पडू लागतात, म्हणून मी काम ०.३ धरून करतो.

घरच्या घरी तुलना करायला आपल्याकडे हिरडा आहे. हिरड्याची चिमूटभर पूड ग्लासभर पाण्यात ढवळली की लोहाच्या पाण्याला निळसर काळी शाईची छटा येते. आकडा यातून कळत नाही. पण फिल्टरच्या आधीचा आणि नंतरचा ग्लास शेजारी ठेवला की फिल्टर काम करतो की नाही, हे आजीलाही दिसतं.

ड्रम का चोंदतो

रेती गंज अडवते. अडवलेला गंज रेतीतच साठतो. तो बाहेर काढायचा एकच खरा मार्ग आहे: खालून वर इतक्या जोरानं पाणी सोडायचं की रेतीचा प्रत्येक दाणा उचलला जाऊन पाण्यात तरंगेल, दाण्यावर दाणा घासेल आणि हलका गंज वरून वाहून जाईल. यालाच बॅकवॉश म्हणतात. पाऊण-एक मिलिमीटरची रेती आपल्या हवामानात अशी तरंगायला पाणी मिनिटाला साधारण ६५ ते ७० सेंटिमीटर वेगानं वर चढावं लागतं. त्याहून कमी वेगात पाणी दाण्यांच्या फटींतून नुसतं निघून जातं. वरून लाल पाणी आलेलं दिसतं, माणसाला वाटतं धुलाई झाली, पण रेती जागची हललेलीच नसते.

आता हिशेब करा. २०० लिटरचा ड्रम आतून ५७ सेंटिमीटर रुंद असतो. एवढ्या रुंदीत तो वेग हवा असेल तर मिनिटाला १७० लिटर पाणी लागतं. गावातल्या घरगुती एक एचपीच्या बोरची धार चाळीस-पन्नास लिटरची असते. म्हणजे ड्रमातली रेती त्या मोटरनं कधीच उचलली जाणार नाही. मी स्वतः बांधलेले ड्रमही याच कारणानं बसले. रेती उपसून हातानं धुणं दोनदा होतं, तिसऱ्यांदा कोणी करत नाही.

म्हणून फिल्टरची रुंदी रोज किती पाणी लागतं त्यावरून ठरवायची नाही. धुवायला किती धार मिळते त्यावरून ठरवायची. दहा इंची म्हणजे २५० मिलिमीटरची पीव्हीसी नळी आतून साधारण साडेतेवीस सेंटिमीटर असते. तिला धुवायला मिनिटाला ३० लिटर पुरतात. एवढी धार छतावरच्या टाकीतून मोटरशिवाय, नुसत्या उंचीनं मिळते. लाईट असो वा नसो, धुलाई होते.

आणि गाळायला ही नळी पुरते का? लोह गाळताना पाणी रेतीतून मिनिटाला १० सेंटिमीटरनं उतरलं पाहिजे. या नळीत ते मिनिटाला सव्वाचार लिटर होतं, तासाला २६० लिटर. सिंदेवाहीच्या त्या घरी सहा माणसं, दोन बैल आणि एक गाय होती. दिवसाला ६०० लिटर पाणी धरलं तरी अडीच तासांचं काम.

वरची टाकी: हवा आणि वेळ

बोरचं पाणी थेट फिल्टरमध्ये सोडलं तर लोह विरघळलेलंच असतं आणि रेतीतून आरपार जातं. त्याचा आधी गंज व्हावा लागतो. त्या घरात जिन्यावरच्या खोलीच्या स्लॅबवर ५०० लिटरची एक टाकी ठेवली. पाणी तिच्यात नुसतं ओतायचं नाही. झाकणाखाली सव्वा इंची नळी आडवी बसवून तिला ३ मिलिमीटरची साठ भोकं पाडली, टोक बंद केलं. पाणी पावसासारखं पडतं आणि पाण्याची पातळी कितीही चढली तरी एक फूट अंतर राहावं म्हणून त्या खाली बंद होणारा फ्लोट बसवला. टाकीच्या वरच्या कडेला तीन बाजूंनी हवेची भोकं पाडून त्यांवर मच्छरजाळी ताणली. जाळी विसरू नका, नाहीतर डासांची पैदास तुमच्याच घरी.

हवा किती लागते याची काळजी नको. १ मिलिग्रॅम लोहाला ०.१४ मिलिग्रॅम ऑक्सिजन पुरतो आणि फवाऱ्यातून पडलेल्या लिटरभर पाण्यात तो कितीतरी जास्त विरघळतो. अडचण असते ती पीएचची. पीएच एका अंकानं उतरला की गंज होण्याचा वेग शंभरपटीनं मंदावतो. ७ च्या वर पीएच असेल तर तासाभरात काम होतं. साडेसहाला तेच काम पुष्कळ तास रेंगाळतं.

या घरी पाण्यात लोह ४.२ मिलिग्रॅम आणि पीएच ६.६ होता. फवाऱ्याखाली एक भोकांचा प्लास्टिकचा क्रेट टांगून त्यात पंधरा किलो संगमरवराचे अंगठ्याएवढे तुकडे भरले. फरशी कापणाऱ्याच्या दुकानामागे असे तुकडे पडलेले असतात. फवाऱ्यातच पाण्यातला कार्बन डायऑक्साईड थोडा उडून जातो, उरलेली आंबटाई संगमरवर मारतो. पीएच ७.१ वर आला. तुकडे झिजत जातात आणि त्यांवर लाल थर चढतो, म्हणून दर दोन-तीन महिन्यांनी काढून घासायचे आणि घट भरून काढायची. ग्रॅनाईट चालत नाही. लिंबू पिळून तुकड्यावर फेस आला तरच तो संगमरवर समजा.

टाकीतून फिल्टरकडे जाणारी नळी तळापासून १५ सेंटिमीटर वर बसवली. तळाला वेगळा दीड इंची कॉक लावला. जड गंज आणि रेती तळाशी बसते, ती आठवड्याला या कॉकनं निघून जाते. फिल्टरवर निम्मं ओझं याच टाकीमुळे कमी होतं. टाकी भरली की तासभर फिल्टरचा कॉक उघडू नका, एवढा एकच नियम घरच्यांना पाळावा लागतो.

बोरपासून वर येणाऱ्या नळीवर एक टी आणि कॉकही टाकून घ्या. मोटर बराच काळ बंद राहून सुरू झाली की पहिली दोन-तीन मिनिटं पाईपातला सगळा गाळ येतो. तो टाकीत न घेता वांग्याच्या वाफ्यात सोडायचा.

फिल्टरची नळी

फिल्टर जमिनीवर, वीतभर उंच ओट्यावर उभा केला. उंची दीड मीटर. तळाला एंड कॅप, वर फ्लँज आणि रबरी गॅस्केट लावून आठ बोल्टनी कसलेलं झाकण. झाकण उघडता आलंच पाहिजे, पण वरच्या टाकीचा दाब त्यावर येतो, म्हणून नुसतं बसवलेलं चालणार नाही. झाकणावर अर्धा इंची कॉक हवा सोडायला.

तळाशी सव्वा इंची नळी आरपार घातली. तिचं आतलं टोक बंद, आणि खालच्या बाजूला तिरपी ५ मिलिमीटरची २४ भोकं. भोकं वर तोंड करून पाडू नका, गिट्टीची कच त्यात अडकते. भोकं कमी केली तर धुलाईची धारच येत नाही. पहिल्या कामात मी ३ मिलिमीटरची सोळा भोकं ठेवली होती आणि छताच्या टाकीची सगळी ताकद त्या भोकांतच संपली.

भरताना आधी नळी अर्धी पाण्यानं भरा, म्हणजे गिट्टी आपटून खालची नळी फुटत नाही. सर्वात खाली १० ते २० मिलिमीटरची धुतलेली गिट्टी दहा सेंटिमीटर, त्यावर तिच्याहून बारीक ५ ते १० मिलिमीटरची पाच, त्यावर २ ते ५ मिलिमीटरचे खडे पाच. त्यावर ६० सेंटिमीटर रेती. एकूण रेती सव्वीस लिटर, वजनात चाळीस किलोच्या आसपास.

रेती वैनगंगेची असेल तर उत्तम, दाणा स्वच्छ आणि टणक असतो. मच्छरजाळीतून गाळून जाड दाणे काढून टाका, मग बकेटीत ढवळून गढूळ पाणी ओतत राहा, पाणी निवळ होईपर्यंत. बारीक माती आणि पीठासारखी रेती राहिली तरी पहिल्या धुलाईत ती आपोआप वरून निघून जाते, म्हणून रेती पाचेक सेंटिमीटर जास्तच भरा. रेतीच्या वर झाकणापर्यंत अर्धा मीटर जागा मोकळी राहिली पाहिजे. रेती उचलली की ती पंधरा सेंटिमीटर फुगते. जागा कमी ठेवली तर ती थेट नालीत जाते.

वरून येणाऱ्या पाण्याच्या तोंडाला आतून एल्बो लावून तोंड वर वळवा. सरळ खाली धार पडली तर रेतीत खड्डा पडतो आणि पाणी त्या खड्ड्यातूनच खाली पळतं.

पाच कॉक

फिल्टरला नळ्या फक्त दोनच लागतात: एक वरच्या तोंडाला, एक तळाच्या. प्रत्येकीचे टी काढून पाच कॉक बसतात. ऑईलपेंटनं त्यांवर मोठे अंक टाका.

वरच्या तोंडाला दोन कॉक. १ नंबर वरच्या टाकीकडून येतो. ४ नंबर नालीकडे जातो. तळाच्या तोंडाला तीन कॉक. २ नंबर गाळलेलं पाणी छतावरच्या १००० लिटरच्या स्वच्छ टाकीकडे चढवतो. ३ नंबर त्याच स्वच्छ टाकीच्या तळातून खाली येतो, धुलाईसाठी. ५ नंबर नालीकडे जातो.

रोज: १ आणि २ उघडे, बाकी बंद.
धुलाई: ३ आणि ४ उघडे, बाकी बंद.
धुलाईनंतर पाच मिनिटं: १ आणि ५ उघडे, बाकी बंद.

तिसरी ओळ लोक गाळतात. धुतल्यावर रेतीत थोडं लाल पाणी उरलेलंच असतं. ५ नंबर नसेल तर ते सगळं स्वच्छ टाकीत जातं आणि मग फिल्टरला शिव्या बसतात.

फिल्टर खाली जमिनीवर असून पाणी परत छतावर कसं चढतं, हा प्रश्न त्या घरच्या काकाजींनी मला तीनदा विचारला. "मोटर त नाही जी याले, मंग पानी वर जाते कसं?" पाणी आपली पातळी गाठतं. जिन्यावरच्या टाकीचा तळ जमिनीपासून साडेपाच मीटरवर होता आणि स्वच्छ टाकीत पाणी पडायची जागा सव्वाचार मीटरवर. मधला सव्वा मीटर आणि वरच्या टाकीतल्या पाण्याची उंची एवढा जोर रेतीतून पाणी ढकलायला मिळतो. फिल्टर कुठे उभा आहे याला महत्त्व नाही, या दोन उंचींतल्या फरकाला आहे. स्वच्छ रेतीला वीतभर फरक पुरतो, पण गंज साठत गेला की विरोध वाढतो, म्हणून निदान सव्वा मीटर तरी ठेवाच. तुमच्या घरी जिन्यावर खोली नसेल तर अँगलचा स्टँड लागेल. तो भिंतीवर किंवा कॉलमवर येईल असाच ठेवा. भरलेली टाकी अर्ध्या टनाहून जड असते आणि स्लॅबच्या मधोमध ती ठेवू नये.

या मांडणीत आणखी एक फायदा आहे. बाहेर जाणारी नळी रेतीपेक्षा उंच चढते, म्हणून वरची टाकी रिकामी झाली तरी रेती कधी कोरडी पडत नाही. रेती कोरडी पडली की तिच्यात हवा अडकते आणि पुढचे दोन दिवस धार मिळत नाही.

३ आणि ४ नंबरच्या नळ्या पूर्ण लांबीभर सव्वा इंची ठेवा. एक इंची घातली तर तीस लिटरची धार येत नाही. १ आणि २ ला एक इंच पुष्कळ. प्रत्येक कॉकजवळ युनियन टाका, म्हणजे उद्या कॉक बदलताना नळी कापावी लागणार नाही. कुठेही जीआयचा तुकडा जोडू नका. आंबट पाणी तो खातं आणि गाळून काढलेलं लोह पुन्हा पाण्यात येतं. ४ आणि ५ चं तोंड नालीच्या वर उघडं ठेवा, बुडवू नका. पाणी डोळ्यांनी दिसलं पाहिजे आणि बकेट लावता आली पाहिजे. ते पाणी अंगणात सोडाल तर फरशी कायमची तांबडी होते. खड्डा करून त्यात मुरवा.

पहिल्यांदा सुरू करताना

झाकण कसा, हवेचा कॉक उघडा ठेवा आणि ३ नंबर अगदी थोडा उघडा. पाणी खालून चढलं की रेतीतली हवा वर निघते. हवेच्या कॉकातून अखंड धार आली की तो बंद करा आणि ४ नंबर पूर्ण उघडा. मग ३ नंबर हळूहळू, निदान अर्धा मिनिट घेऊन उघडा. एकदम उघडलात तर अरुंद नळीत सगळी रेती एकाच दट्ट्यासारखी उचलली जाते आणि वरच्या तोंडात जाऊन अडकते.

नालीवर १५ लिटरची बकेट लावा. ती ३० सेकंदांत भरली पाहिजे. वीस सेकंदांत भरली तर ३ नंबर थोडा बंद करा, नाहीतर रेती वाहून जाईल. चाळीसच्या पुढे गेली तर रेती उचललीच जात नाही, नळ्या किंवा भोकं तपासा. बरोबर जागा सापडली की कॉकच्या दांड्यावर खूण करा. बकेटीच्या तळाशी जाड दाणे येत नाहीत ना तेही बघा. सुरुवातीला थोडी पिठूळ रेती येणारच. स्वच्छ टाकी पहिल्या वेळी भरलेली नसते, म्हणून तेवढ्यापुरतं बोरचं पाणी तिच्यात घेतलं तरी चालतं.

मग रोजच्या रीतीवर आणा. स्वच्छ टाकीत पडणाऱ्या धारेखाली एक लिटरची बाटली धरा आणि ती १४ सेकंदांत भरेल इतका २ नंबर बंद करून तिथेही खूण करा. जास्त उघडला तर पाणी लवकर मिळतं, पण लोह निसटतं.

पहिले दोन-तीन आठवडे निकाल पूर्ण येत नाही. त्या घरी पहिल्या आठवड्यात लोह १.१ होतं, तिसऱ्या आठवड्यात ०.२ वर उतरलं. रेतीच्या दाण्यांवर गंजाचा पातळ थर चढतो आणि उरलेलं विरघळलेलं लोह त्या थरावरच धरलं जातं. म्हणून रेती तांबूस झाली की बिघडली असं समजून ती बदलू नका. तांबूस दाणा नव्या दाण्यापेक्षा चांगला काम करतो.

धुवायचं कधी

तारीख ठरवू नका, बाटली बघा. २ नंबर त्याच खुणेवर असताना लिटरची बाटली भरायला १४ ऐवजी २८ सेकंद लागले की धुवा. आमच्या हिशेबानं ४.२ मिलिग्रॅम लोहाच्या ६०० लिटर पाण्यातून रोज अडीच ग्रॅम लोह येतं, त्याचा ओला गंज फुगून त्याच्या कितीतरी पट होतो. त्या घरी दर आठ दिवसांनी धुवावं लागतं. धुलाई सहा-सात मिनिटांची, नालीतलं पाणी निवळ होईपर्यंत. दोनशे लिटर पाणी जातं. स्वच्छ टाकी भरलेली असतानाच करा, कारण टाकी उतरली की धारही उतरते. धार २८ च्या आत असली तरी पंधरा दिवसांपेक्षा जास्त थांबू नका, गंज दाण्यांत घट्ट बसतो.

धुऊनही धार वाढली नाही तर झाकण उघडून रेतीत हात घाला. मऊ चिखलाचे गोळे लागले तर धुलाईचा वेग कमी पडत होता, किंवा लोहजंतू आहेत. गोळे काढा, टीसीएलचं पाणी रात्रभर रेतीत मुरवा, सकाळी धुवून पहिलं पाणी नालीत सोडा.

धार चांगली पण हिरड्याचा ग्लास काळा होत असेल तर चूक वरच्या टाकीत आहे. फवाऱ्याची भोकं बुजली असतील, संगमरवर संपला असेल, किंवा टाकी भरताच कोणी १ नंबर उघडत असेल. गाळलेल्या पाण्याची बाटली भरताना स्वच्छ आणि नंतर लाल होत असेल तर हेच कारण. भरतानाच लाल असेल तर गंज रेतीतून निसटतो आहे, म्हणजे २ नंबर जास्त उघडा आहे किंवा रेतीत वाट पडली आहे.

भांड्यांवर आणि टाकीत काळा डाग पडत असेल तर ते मँगनीज. ते या मांडणीत नीट निघत नाही, त्याला पीएच बराच वर लागतो. पावसाळ्यात येणारं मातकट, दुधाळ पाणीही यातून स्वच्छ होत नाही. ती माती इतकी बारीक असते की तुरटीशिवाय बसत नाही. फ्लोराईड, नायट्रेट आणि खारेपणा तर रेतीला दिसतच नाहीत. चंद्रपूर आणि यवतमाळच्या काही गावांत फ्लोराईड आहे. तिथे हे पाणी धुण्याभांड्याला आणि जनावरांच्या अंघोळीला वापरा, पिण्याचं पाणी वेगळं आणा. जंतूही या फिल्टरनं मरत नाहीत, म्हणून पिण्याच्या गुंडातलं पाणी उकळून किंवा क्लोरीन घालूनच प्यायचं. क्लोरीन गाळलेल्या पाण्यातच घाला. लोहाच्या पाण्यात घातलं तर लोहच ते खाऊन टाकतं आणि जंतूंसाठी काही उरत नाही.

सिंदेवाहीचं ते काम सुरू होऊन दुसरा पावसाळा गेला आहे. मागच्या खेपेला गेलो तेव्हा काकाजींची सून धुलाई करत होती. हातात लिटरची बाटली, ३ नंबरवर लाल पेंटची खूण. रेती एकदाच चार बोटं वाढवावी लागली, एवढंच.